हरहुन्नरी माणूस कागदावर कसा ओळखावा?

पुण्या-मुंबईतल्या नव्या कंपन्यांच्या जाहिरातींत अलीकडे एक पद वारंवार दिसतं. कुठे त्याला ‘फाउंडर्स ऑफिस’ म्हणतात, कुठे ‘ऑपरेशन्स जनरलिस्ट’, तर कुठे ‘चीफ ऑफ स्टाफ’. नाव काहीही असो, ज्या कामासाठी अजून वेगळा माणूस नेमलेला नाही ते प्रत्येक काम या माणसाच्या वाट्याला येतं. सकाळी पुरवठादाराशी भावाची घासाघीस, दुपारी थकलेल्या बिलांची यादी, संध्याकाळी नव्या ड्रायव्हरची मुलाखत आणि रात्री गुंतवणूकदाराला पाठवायच्या आकड्यांची तपासणी, असा त्याचा दिवस जाऊ शकतो. पंधरा-वीस माणसांच्या कंपनीत असा माणूस चांगला मिळाला तर संस्थापकाचा अर्धा दिवस मोकळा होतो. चुकीचा मिळाला तर त्याने अर्धवट सोडलेली कामं निस्तरण्यात तोच अर्धा दिवस जातो.

हा माणूस निवडणं अवघड जातं, कारण या कामाची पदवी कुठेच मिळत नाही. हिशेबाला माणूस हवा असेल तर बी.कॉम. आणि टॅलीचा अनुभव बघता येतो. इथे तशी कुठलीच खूण नसते. मग समोर दोनशे रेझ्युमे आले की वाचणारा हाताला लागेल ती खूण धरतो. कॉलेजचं नाव मोठं आहे का, आधीच्या कंपनीचं नाव ओळखीचं आहे का, एवढं पाहून पानं बाजूला पडू लागतात.

कॉलेजचं नाव खोटं बोलत नाही, पण ते फार थोडं सांगतं. सतरा-अठराव्या वर्षी या मुलाने एक कठीण परीक्षा चांगली दिली, इतकीच माहिती त्यातून मिळते. मोठ्या कंपनीचं नाव सांगतं की कोणीतरी याला एकदा आपल्या निकषांवर निवडलं होतं. ते निकष तुमच्या कामाचे नव्हते. नोकरभरतीवरच्या संशोधनातही ‘कागदोपत्री वजन’ फारसं उपयोगी ठरलेलं नाही. १९९८ मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. कशाचा कामातल्या यशाशी किती संबंध असतो हे त्यांनी मांडलं. संबंध अजिबात नसेल तर शून्य आणि पूर्ण असेल तर एक, अशा मापावर शिक्षणाच्या वर्षांना ०.१० मिळाले आणि अनुभवाच्या वर्षांना ०.१८. पुढे २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हीच आकडेमोड नव्या पद्धतीने तपासली, तेव्हा अनुभवाच्या वर्षांचा आकडा ०.०७ पर्यंत खाली आला. सगळ्यांना तेच प्रश्न विचारून, ठरलेल्या मापाने गुण देणाऱ्या मुलाखतीचा आकडा मात्र ०.४२ होता. हे आकडे शिक्षण आणि अनुभवाच्या वर्षांबद्दल आहेत, कॉलेजच्या नावलौकिकाबद्दल नाहीत. तरीही रेझ्युमेवर सगळ्यात ठळक छापलेल्या गोष्टींवर किती भरवसा ठेवावा, याचा अंदाज त्यातून येतो.

मग कागदावर बघायचं काय? एक उदाहरण घेऊन ते सविस्तर पाहू. कंपनी आणि उमेदवार दोन्ही कल्पित आहेत, पण अशी कामं आणि असे रेझ्युमे रोज समोर येतात.

गठ्ठा उघडण्याआधी

पुण्यात अठरा जणांची एक कंपनी आहे असं समजा. ती गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून पहाटे भाजी उचलते आणि सकाळी नऊच्या आत हॉटेलांच्या स्वयंपाकघरात पोहोचवते. हॉटेलं पंधरा ते तीस दिवसांच्या उधारीवर माल घेतात. रोज थोडा माल परत येतो, काही क्रेट हरवतात, आणि चलनावर एक वजन तर बिलात दुसरं, यावरून वाद होतात. संस्थापकाला एक जनरलिस्ट हवा आहे.

त्याने जाहिरातीत ‘डायनॅमिक, सेल्फ-स्टार्टर, मल्टिटास्किंग’ असं लिहिलं तर प्रत्येकाला ती आपलीच जाहिरात वाटेल. त्यापेक्षा पहिल्या सहा महिन्यांत या माणसाने काय पूर्ण केलेलं असायला हवं, ते तीन वाक्यांत लिहावं. या कंपनीसाठी ती वाक्यं अशी असतील. थकलेली उधारी पंचेचाळीस दिवसांवरून तीस दिवसांवर आणायची. परत येणाऱ्या मालाची नोंद रोजच्या रोज होईल अशी पद्धत बसवायची आणि ती ड्रायव्हरांच्या अंगवळणी पाडायची. पिंपरी-चिंचवडमध्ये दुसरं छोटं गोदाम सुरू करायचं.

ही तीन वाक्यं लिहिली की रेझ्युमेत काय शोधायचं ते आपोआप ठरतं. वसुलीला गोड पण ठाम बोलणारा माणूस लागेल. नोंदींसाठी एक्सेल येणारा लागेल, आणि पहाटे चारला ड्रायव्हरांशी त्यांच्या भाषेत बोलणाराही. गोदामासाठी भाडेकरार, वीजजोडणी, वजनकाटा, हमाल असली सटरफटर कामं एकामागून एक उरकणारा लागेल. एकाच माणसात हे सगळं आधीच तयार मिळणं शक्य नाही. म्हणून शोध अशा माणसाचा घ्यायचा, ज्याने अनोळखी काम पूर्वी अंगावर घेतलं, ते लवकर शिकून घेतलं आणि तडीस नेलं. आवाका, वेग आणि जबाबदारी या तीन गोष्टींसाठी कागदावर पुरावा शोधायचा.

ओळीतला पुरावा

आवाक्यापासून सुरुवात करू. रेझ्युमेत मार्केटिंग, सेल्स, ऑपरेशन्स, एचआर असे चार-पाच शब्द दिसले की माणूस बहुगुणी आहे असं वाटतं. पण विस्तार दोन प्रकारचा असतो. एका प्रकारात माणसाला कंपनीने या खात्यातून त्या खात्यात हलवलेलं असतं आणि तो जाईल तिथे थोडं थोडं काम करतो. दुसऱ्या प्रकारात एकच अडचण त्याला ओढत नेते. बिलिंग करणाऱ्या मुलीच्या लक्षात येतं की बिलं चुकतात, कारण गोदामातून येणारी नोंदच चुकीची असते. ती गोदामात जाते. तिथे कळतं की माल उतरवणाऱ्यांना छापील फॉर्म वाचता येत नाही. ती फॉर्म मराठीत करते, दोघांना शिकवते आणि मग परत बिलांकडे येते. तिच्या रेझ्युमेत बिलिंग, गोदाम आणि प्रशिक्षण असे तीन वेगळे शब्द येतील, पण त्यांना जोडणारा धागा एकच असेल. हा दुसरा विस्तार जनरलिस्टच्या कामाचा आहे. तो ओळखायचा तर प्रत्येक नव्या कामाशी थांबून स्वतःला विचारावं, की हा माणूस इथे पोहोचला कसा? रेझ्युमेत त्याचं उत्तर सापडलं, निदान अंदाज बांधता आला, तर आवाका खरा असण्याची शक्यता वाढते.

वेग बघायचा तर तारखा बघाव्यात. ‘फास्ट लर्नर’ हा शब्द प्रत्येक रेझ्युमेत असतो, त्याकडे लक्ष देऊ नये. नोकरीला लागल्यापासून पहिलं पूर्ण झालेलं काम किती महिन्यांनी दिसतं? जबाबदारी केव्हा वाढली? जे काम आधी कधी केलं नव्हतं ते हातात घेतल्यापासून त्याचा निकाल दिसेपर्यंत किती काळ गेला? यात एक काळजी घ्यावी लागते. वेग नेहमी भोवतालच्या मानाने मोजायचा असतो. जिथे एका सहीसाठी तीन आठवडे जातात अशा कार्यालयात एखादी नवी पद्धत वर्षभरात रुजवणारा माणूस फार वेगवान असू शकतो. आणि दहा जणांच्या कंपनीत एका महिन्यात वेबसाइट उभी राहिली, तर त्यात विशेष काहीही नसेल. वारंवार नोकरी बदलणं म्हणजेही वेग नव्हे. आठ-आठ महिन्यांत तीन ठिकाणं बदलणाऱ्याने आपल्या निर्णयांचे परिणाम कदाचित पाहिलेच नसतील. तरी एखादी कंपनीच बंद पडली असेल तर तो दोष उमेदवाराच्या माथी मारू नये.

तिसरी गोष्ट जबाबदारी, ज्याला या जगात सगळे ‘ओनरशिप’ म्हणतात. ती कागदावर ओळखणं सगळ्यात कठीण आहे आणि या पदासाठी सगळ्यात मोलाचंही. आधी क्रियापदं बघावीत. ‘सहभाग होता’, ‘मदत केली’, ‘समन्वय साधला’ या शब्दांमागे माणूस दिसत नाही. ‘ठरवलं’, ‘बदललं’, ‘बंद केलं’, ‘वसूल केलं’ या शब्दांमागे दिसतो. पण क्रियापदं सजवता येतात, त्यामुळे तेवढ्यावर थांबू नये. कामाचा शेवट कुठे होतो ते बघावं. ज्याने काम खरंच अंगावर घेतलं होतं, त्याच्या ओळीत नावडता भागही येतो. रखडलेले पैसे, नाराज ग्राहक, बिघडलेला पहिला प्रयत्न, पुन्हा केलेली मांडणी, असं काहीतरी त्यात असतं. आणि बहुतेक वेळा तो सांगतो की आता ते काम कोण बघतं. काम दुसऱ्याच्या हाती सोपवून ते चालू राहिलं, हा जबाबदारीचा कागदावर मिळू शकणारा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. जो माणूस सगळं स्वतःच्या डोक्यात ठेवतो आणि गेल्यावर सगळं ठप्प होतं, त्याने कष्ट भरपूर घेतलेले असतील, पण छोट्या कंपनीला त्याचा पुढे त्रासच होतो.

टक्केवारीबद्दलही सांगायला हवं. ‘तक्रारी ५० टक्क्यांनी कमी केल्या’ या ओळीत तक्रारी चारवरून दोनवर आल्या की चारशेवरून दोनशेवर, हे कळत नाही. मूळ आकडा आणि कालावधी नसलेल्या टक्केवारीला पुरावा मानू नये. ती ओळ फोनवर विचारायच्या प्रश्नांत टाकावी.

तीन रेझ्युमे समोरासमोर

आता भाजीच्या कंपनीकडे आलेले तीन कागद पाहू. प्रत्येक रकान्याला शून्य ते तीन गुण द्यायचे. काहीच उल्लेख नसेल तर शून्य. नुसता दावा असेल तर एक. दाव्यासोबत काय, किती, केव्हा हा तपशील असेल तर दोन. तपशील पडताळता येण्यासारखा असेल आणि त्या कामातून मागे काही टिकून राहिल्याचं दिसत असेल तर तीन.

पहिला कागद एकाच पानाचा आणि देखणा आहे. नामवंत अभियांत्रिकी संस्था, मग एका मोठ्या सल्लागार कंपनीत दोन वर्षं. मुख्य ओळ अशी: किरकोळ विक्रीच्या एका साखळीसाठी धोरण आखणाऱ्या चमूत काम, १२ कोटी रुपयांच्या बचतीच्या जागा शोधल्या. ही ओळ सावकाश वाचली तर लक्षात येतं की बचतीच्या जागा शोधल्या, बचत झाली की नाही ते लिहिलेलं नाही. चमू किती जणांचा होता आणि याच्याकडे त्यातला कुठला भाग होता, तेही नाही. आकड्यांशी खेळण्याची तयारी नक्की दिसते, पण जबाबदारी दिसत नाही. पान मात्र इथेच बाजूला ठेवू नये. तळाशी लहान अक्षरांत एक ओळ आहे: कॉलेजच्या महोत्सवात बाहेरून आलेल्या ११०० विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था, केटरर ऐन वेळी बदलला, हिशेब तीन आठवड्यांत पूर्ण करून पुढच्या वर्षीच्या चमूला खर्चाचा तक्ता दिला. या ओळीत माणूस दिसतो. अडचण आली, पर्याय शोधला, पैशांचा हिशेब दिला आणि पुढच्यांसाठी काहीतरी मागे ठेवलं. पगारी नोकरीच्या ओळींपेक्षा ही ओळ या पदासाठी जास्त सांगते. आवाका दोन, वेग दोन, जबाबदारी दोन.

दुसरा कागद सोलापूरहून आला आहे. दोन पानं, कोपऱ्यात फोटो, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, छंद, इंग्रजीत व्याकरणाच्या चुका. बी.कॉम., मग औषधांच्या एका घाऊक विक्रेत्याकडे तीन वर्षं. घाईत वाचणारा पहिल्या पानावरच थांबेल. दुसऱ्या पानावर तिसरी ओळ आहे: मुदत संपलेल्या औषधांचे कंपन्यांकडचे क्लेम पाच-पाच महिने अडकत होते, कंपनी आणि बॅचप्रमाणे तक्ता केला, दर सोमवारी पाठपुरावा केला, आता क्रेडिट नोट साधारण सहा आठवड्यांत येते, काम दोन ज्युनिअर बघतात.

औषधव्यवसाय माहीत असणाऱ्याला या ओळीचं वजन लगेच कळेल. दुकानातून मुदत संपलेला माल घाऊक विक्रेत्याकडे परत येतो. त्याने तो कंपनीकडे परत पाठवायचा असतो आणि त्याबदल्यात क्रेडिट नोट मिळवायची असते. मधे बॅच नंबर जुळत नाही, मुदत मोजण्यावरून वाद होतो, कागद कुठेतरी पडून राहतो, आणि विक्रेत्याचे पैसे अडकतात. हे काम कोणालाच आवडत नाही. ही बिलिंगसाठी नेमलेली मुलगी तिथपर्यंत पोहोचली, तिने पद्धत बसवली, निकाल आणला आणि काम दुसऱ्यांच्या हाती दिलं. आपल्या कंपनीच्या पहिल्या दोन वाक्यांशी, म्हणजे उधारी आणि परत येणाऱ्या मालाशी, हे काम किती मिळतंजुळतं आहे ते पाहा. आवाका दोन, वेग दोन, जबाबदारी तीन. इंग्रजीच्या चुकांना गुण कापायचे का? या कामात इंग्रजी पत्रं लिहायची असतील तर तो वेगळा निकष लिहून ठेवावा आणि सगळ्यांना सारखाच लावावा. तसं नसेल तर तो विषय इथे आणू नये.

तिसरा कागद सगळ्यात चमकदार आहे. चार वर्षांत तीन स्टार्टअप, पदं एकापेक्षा एक मोठी. ‘३०० टक्के वाढ’, ‘शून्यातून उभारणी’, ‘संस्थापकासोबत थेट काम’. वरवर पाहता हाच जनरलिस्ट. पण वाढ कशाची, किती महिन्यांत, कितीवरून कितीवर, हे एकाही ओळीत नाही. उभारलेली गोष्ट पुढे चालली का, तेही कुठे नाही. तिन्ही ठिकाणी काम सुरू करण्याच्या ओळी आहेत, निभावण्याच्या नाहीत. आवाका एक, वेग एक, जबाबदारी एक. हा माणूस निकामी आहे असा याचा अर्थ नाही. कागद मुका आहे इतकंच यातून कळतं. अशा उमेदवाराला दोन ओळींचा ईमेल पाठवावा: यांपैकी कुठलंही एक काम निवडा, मूळ आकडा, शेवटचा आकडा, कालावधी आणि आज ते कोण बघतं हे लिहा. खरं काम केलेला माणूस त्याच दिवशी तपशीलवार उत्तर पाठवतो.

गुणांची बेरीज इथे मुद्दाम केलेली नाही. आवाका आणि वेग भरपूर पण जबाबदारी शून्य, असा माणूस बेरजेत वर येतो आणि कामात सगळ्यात महाग पडतो. म्हणून नियम असा ठेवावा की जबाबदारीला किमान दोन आणि उरलेल्या दोन्हींपैकी एकाला किमान दोन, तर फोन करायचा. या नियमाने पहिला आणि दुसरी दोघंही फोनच्या यादीत येतात. मोठ्या कॉलेजच्या मुलाला कॉलेजमुळे वगळणं हाही पक्षपातच ठरेल.

नाव झाकून वाचणं

एवढं करूनही डोळा फसतोच. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी भारतात केलेला एक प्रयोग २००७ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी समान पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावात होता. उच्चजातीय हिंदू नावांच्या तुलनेत पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर दलित नावांसाठी सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावांसाठी सुमारे एक-तृतीयांश निघालं. अर्ज वाचणारे सगळे जाणूनबुजून भेदभाव करत होते असं समजायचं कारण नाही. ठरलेले निकष नसले की ‘हा आपल्यात जमेल’ ही भावना निकषाची जागा घेते, आणि ती भावना आपल्यासारख्याच माणसाकडे झुकते.

उपाय साधा आहे आणि अठरा जणांच्या कंपनीलाही जमतो. ऑफिसातल्या एकाने नाव, फोटो, वडिलांचं नाव, पत्ता, कॉलेज आणि कंपनीची नावं झाकून प्रत्येक कागदाला नंबर द्यावा. दोघांनी वेगवेगळं बसून गुण द्यावेत आणि मगच एकमेकांना दाखवावेत. जिथे दोन गुणांचा फरक पडला असेल तिथे कुठल्या ओळीवरून गुण दिले ते बोट ठेवून सांगावं. कामात मधेच दिसणाऱ्या वर्षभराच्या खंडालाही हीच शिस्त लावावी. आजारपण, बाळंतपण, घरातल्या म्हाताऱ्या माणसांची काळजी, अशी कितीतरी कारणं असतात. खंडाला गुण नसतात, तसे उणे गुणही नसतात.

एक कागद नीट वाचायला चार मिनिटं लागतात. दोनशे कागदांचे तेरा तासांहून जास्त होतात, आणि इतका वेळ कोणाकडे नसतो. म्हणून अर्ज मागवतानाच एक प्रश्न विचारावा: तुम्हाला कोणी सांगितलेलं नसताना तुम्ही पूर्ण केलेलं एक काम दीडशे शब्दांत लिहा, मराठी, हिंदी किंवा इंग्रजी, कुठल्याही भाषेत. पहाटेची वेळ आणि पगाराचा आकडाही जाहिरातीतच स्पष्ट लिहावा. ज्यांना हे जमणार नाही ते स्वतःच बाजूला होतात आणि गठ्ठा लहान होतो. दीडशे शब्दांच्या त्या उत्तरातून अनेकदा अख्ख्या रेझ्युमेपेक्षा जास्त कळतं.

कागदाच्या पुढे

रेझ्युमे कितीही बारकाईने वाचला तरी त्याने निवड होत नाही. पुढचा प्रश्न कोणाला विचारायचा, एवढंच त्यावरून ठरतं. फोन वीस मिनिटांचा असावा आणि सगळ्यांना तेच तीन प्रश्न असावेत. सोलापूरच्या उमेदवाराला असं विचारता येईल: क्लेमचं काम हातात घेतलंत त्या दिवशी परिस्थिती काय होती? सगळ्यात जास्त कुठे अडलं? आज त्यात काही बिघडलं तर पहिला फोन कोणाला जातो? ज्याने काम केलेलं असतं त्याच्या बोलण्यात खोलात जावं तसा तपशील वाढत जातो. कुठल्या कंपनीचा माणूस उत्तर देत नव्हता, कुठला रकाना आधी विसरला होता, हे तो न विचारता सांगतो. ज्याने काम दुरून पाहिलं असतं त्याचं बोलणं दुसऱ्या प्रश्नालाच मोघम होतं. फोन उमेदवाराच्या सोयीच्या भाषेत करावा. नाहीतर तुम्ही काम तपासायच्या ऐवजी इंग्रजी बोलण्याचा सराव तपासाल.

त्यानंतर दोन तासांचं नमुना काम द्यावं आणि त्याचे पैसे द्यावेत. भाजीच्या कंपनीत ते असं असू शकतं: दहा हॉटेलांची महिनाभराची चलनं आणि बिलं, नावं बदलून. कोणाकडे किती थकबाकी आहे ते काढा, कुठल्या तीन हॉटेलांना आधी फोन कराल ते सांगा, आणि त्यातल्या एका चिडलेल्या मॅनेजरशी काय बोलाल ते लिहा. चलन आणि बिलांत दोन ठिकाणी मुद्दाम विसंगती ठेवावी. हुशार उमेदवार थकबाकीचा आकडा बरोबर काढतो. जबाबदारी घेणारा उमेदवार विसंगती दाखवून विचारतो की मॅनेजर चिडला आहे त्याचं कारण हेच तर नाही ना? फुकट राबवून घेण्यासाठी या कामाचा वापर करू नये. कंपनीची खरी अडलेली कामं उमेदवारांकडून करून घेणाऱ्यांना चांगले लोक लगेच ओळखतात.

संस्थापकालाही स्वतःला एक प्रश्न विचारावा लागतो. ‘ओनरशिप’ हवी असं जाहिरातीत लिहिताना निर्णयाचा अधिकार देणार आहोत का? हॉटेलाची उधारी थांबवण्याचा, ठरलेल्या रकमेपर्यंत सूट देण्याचा, गोदामाचा माणूस निवडण्याचा हक्क त्या माणसाला नसेल, तर जबाबदारी या शब्दाचा अर्थ फक्त जास्तीचे तास आणि चुकांचं खापर एवढाच उरतो. असे लोक सहा महिन्यांत निघून जातात आणि मग निवडच चुकली असं म्हटलं जातं.

गुणांचे ते तक्ते फेकू नयेत. निवडलेल्या माणसाचे सहा महिने झाले की तक्ता पुन्हा काढावा आणि सुरुवातीला लिहिलेली तीन वाक्यं शेजारी ठेवावीत. उधारी किती दिवसांवर आली, परत येणाऱ्या मालाची नोंद ड्रायव्हर रोज करतात का, दुसरं गोदाम उघडलं का? रेझ्युमेतली कुठली ओळ वाचून आपण तीन गुण दिले होते, आणि कामात ती ओळ खरी ठरली का? पुढच्या भरतीत ज्या खुणा खऱ्या ठरल्या त्यांना वजन द्यावं आणि ज्या फसव्या निघाल्या त्या काढून टाकाव्यात. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की कंपनीकडे तिच्या स्वतःच्या कामातून तयार झालेलं माप येतं, आणि कॉलेजच्या नावाची उसनी खूण धरून ठेवायचं कारण उरत नाही.